लॉग फोडताना केवलमूल्याच्या रेघा केव्हा लावायच्या आणि केव्हा नाही?

मुक्ता_स

नमस्कार. लॉगरिदमच्या गुणाकार, भागाकार आणि घात या तीन नियमांचा सराव करताना एका उदाहरणाशी अडले आहे. पाया सर्वत्र १० धरावा. दिलेली राशी अशी आहे:

log[ (x−3)⁴ / (100√(x+1)) ]

मी भागाकाराच्या नियमाने अंश आणि छेद वेगळे केले, छेदातील गुणाकार फोडला, log 100 च्या जागी 2 लिहिले, आणि दोन्ही घातांक पुढे आणले. माझे उत्तर आले:

4 log(x−3) − 2 − ½ log(x+1)

उत्तरसूचीत मात्र 4 log|x−3| − 2 − ½ log(x+1) असे दिले आहे. पहिल्या पदात केवलमूल्याच्या रेघा आहेत आणि शेवटच्या पदात नाहीत. दोन्ही ठिकाणी घातांकच पुढे आणलेला असताना हा भेद कशासाठी, हे कोणी समजावून सांगेल का? उदाहरणाच्या वर 'सर्व चले धन आहेत' अशी ओळही छापलेली आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

निनाद_क

याचे उत्तर सोपे आहे. लॉगला ऋण संख्या चालत नाही, म्हणून चल असलेली कोणतीही राशी लॉगमधून बाहेर काढताना तिला केवलमूल्य लावावे, म्हणजे काळजी मिटली. शेवटच्या पदातही |x+1| असायला हवे होते. ते राहून गेले आहे, म्हणजे मुद्रणदोष आहे.

प्रभाकर_ज

मला मूळ पायरीच मान्य नाही. लॉगचा चौथा घात असेल तर 4 पुढे कसा येईल? (log x)² आणि 2 log x या वेगळ्या गोष्टी आहेत. x = 1000 घेतल्यास पहिल्याचे उत्तर 9 येते आणि दुसऱ्याचे 6.

विनया_गो

प्रभाकरराव, तुमचे विधान बरोबर आहे, पण ते या उदाहरणाला लागू होत नाही. येथे चौथा घात कंसातील x−3 चा आहे आणि लॉग त्यानंतर घेतला आहे, म्हणून घाताचा नियम चालतो. तुम्ही पडताळ्यासाठी 1000 निवडलेत हे चांगले केलेत, कारण x = 100 घेतले असते तर दोन्ही उत्तरे 4 आली असती आणि (log x)² व log x² एकच आहेत असा समज झाला असता.

आता मुक्ताच्या प्रश्नाकडे वळते. मुक्ता, तुझ्या राशीत x = 1 घालून पाहा. अंश (−2)⁴ म्हणजे 16, छेद 100√2, भागाकार सुमारे 0.113, आणि त्याचा लॉग −0.946. मूळ राशीला येथे व्यवस्थित किंमत आहे. तुझ्या उत्तरात हाच x घातला तर पहिलेच पद 4 log(−2) होते आणि वास्तव संख्यांमध्ये त्याला अर्थच उरत नाही. म्हणजे तुझे उत्तर चुकीची किंमत देत नाही, ते काही ठिकाणी किंमतच देत नाही. मूळ राशी −1 पेक्षा मोठ्या प्रत्येक x साठी, 3 वगळून, अर्थपूर्ण आहे. तुझी फोड फक्त 3 पेक्षा मोठ्या x साठी अर्थपूर्ण आहे. −1 आणि 3 यांच्यामधला सगळा पट्टा फोडताना गळून पडला.

याचे कारण नियमाच्या अटीत आहे. log Mᵏ = k log M हे लिहिताना M धन असल्याचे आपण गृहीत धरतो. सम घात ऋण संख्येलाही धन करतो, त्यामुळे डाव्या बाजूला M चे चिन्ह झाकले जाते, आणि घातांक पुढे आणताच ते उघडे पडते. (x−3)⁴ आणि |x−3|⁴ या एकच राशी असल्यामुळे आधी तसे लिहून घ्यायचे आणि मग 4 पुढे आणायचा, एवढेच उत्तरसूचीने केले आहे. x = 1 ला 4 log 2 − 2 − ½ log 2 ची किंमत पुन्हा −0.946 येते.

वर्गमुळाची गोष्ट उलटी आहे. √(x+1) लिहिल्याक्षणी x+1 ऋण नसल्याची अट लागली, आणि छेदात शून्य चालत नसल्यामुळे तो धनच आहे. तेथे झाकलेले चिन्हच नाही, म्हणून रेघांचीही गरज नाही.

निनाद_क

गरज नसेल, पण लावल्या तर नुकसान काय? धन संख्येचे केवलमूल्य तीच संख्या असते. विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी घात सम की विषम, मूळ की घात असा विचार करत बसण्यापेक्षा सरसकट रेघा लावणे सुरक्षित नाही का?

विनया_गो

नाही, निनाद, कारण आता चूक दुसऱ्या बाजूला होते. ½ log|x+1| लिहिले आणि x = −5 घातला, तर उजव्या बाजूला 4 log 8 − 2 − ½ log 4, म्हणजे सुमारे 1.311 अशी नीटनेटकी किंमत मिळते. मूळ राशीत त्या ठिकाणी √(−4) आहे. जेथे काहीच नव्हते तेथे रेघांनी संख्या निर्माण केली.

विषम घात घेतला तर हे अधिक ठळकपणे दिसते. log(x−3)³ ही राशी x = 1 ला log(−8) होते, म्हणून अर्थहीन आहे. 3 log|x−3| मात्र तेथे 0.903 देते. विषम घात चिन्ह झाकत नाही, त्यामुळे x−3 धन असल्याची हमी डाव्या बाजूनेच दिलेली असते आणि 3 log(x−3) हेच पूर्ण उत्तर ठरते.

फोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा असे मी सांगते: मूळ राशी अर्थपूर्ण असताना हा विशिष्ट अवयव ऋण असू शकतो का? असू शकत असेल तर रेघा हव्यात, नसेल तर नकोत. आणि हा प्रश्न घातापुरताच मर्यादित नाही. log[(x−1)(x−5)] फोडून पाहा. x = 0 ला कंसांचा गुणाकार 5 आहे, म्हणून लॉग 0.699. परंतु log(x−1) + log(x−5) लिहिले की दोन्ही पदे एकाच वेळी कोलमडतात. रेघा लावून log|x−1| + log|x−5| केले तर x = 0 सुधारते, पण x = 2 ला log 1 + log 3 म्हणजे 0.477 मिळते, आणि मूळ गुणाकार तेथे −3 आहे. म्हणजे येथे रेघा आवश्यक आहेत आणि पुरेशा मात्र नाहीत. 'x < 1 किंवा x > 5' ही अट शेजारी लिहिल्याशिवाय ती समानता खरी होत नाही.

निनाद_क

हे शेवटचे उदाहरण माझ्या ध्यानात आले नव्हते. दोन ऋण अवयव मिळून धन होतात, म्हणजे चिन्ह झाकण्याचे काम एकटा सम घातच करतो असे नाही. मुद्रणदोषाचे विधान मी मागे घेतो.

तक्तेवाला

हा धागा वाचून माझ्या तक्त्यात काय घडत होते ते कळले. माझ्याकडे दोन रकाने आहेत, दोन्हींत आधीच्या मोजणीपासूनचा फरक असतो, त्यामुळे आकडे धनही असतात आणि ऋणही. मला त्यांच्या गुणोत्तराचा लॉग हवा होता. आधी पहिले सूत्र वापरत होतो, मग दोन्ही लॉग वेगवेगळे पाहावेत म्हणून ते फोडून दुसरे लिहिले:

```
=LOG(A2/B2)
=LOG(A2)-LOG(B2)
```

ज्या ओळीत −6 आणि −2 होते तेथे पहिल्या सूत्राने log 3, म्हणजे 0.477 दिले, आणि दुसऱ्याने `#NUM!` दाखवले. आता विनयाताईंच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही ठिकाणी `ABS` घातले आहे आणि सर्व ओळी भरल्या आहेत. आता हिशेब बिनचूक झाला असे समजायचे ना?

विनया_गो

सर्व ओळी भरल्या हेच काळजीचे लक्षण आहे. ज्या ओळीत −6 आणि 2 असतील, तेथे गुणोत्तर −3 आहे आणि पहिले सूत्र योग्य रीतीने `#NUM!` देत होते. `ABS` लावलेले सूत्र तेथेही 0.477 देईल, आणि ही ओळ −6 व −2 च्या ओळीपासून वेगळी ओळखताच येणार नाही. आधी A2*B2 धन आहे का ते तपासावे, असेल तरच फोडलेले सूत्र चालवावे, नसेल तर रकाना रिकामा सोडावा. भागाकाराच्या नियमाची अट तक्त्यात अशा तपासणीच्या रूपाने लिहावी लागते.

तक्तेवाला

अशा ओळी खरोखरच आहेत, आणि बऱ्याच आहेत. तपासणी घालतो.

जुना_सर्वेक्षक

छापील लॉगकोष्टकांवर ज्यांनी लांबलचक हिशेब केले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. हेन्री ब्रिग्जने १६२४ मध्ये १० या पायाची कोष्टके चौदा दशांश स्थळांपर्यंत छापली, आणि त्यानंतरच्या साऱ्या कोष्टकांप्रमाणे त्यांतही धन संख्यांचेच लॉग होते. त्रिकोणमितीच्या कामात मात्र विशालकोनाची कोज्या हमखास ऋण यायची. मग आम्ही तिचे चिन्ह सोडून लॉग काढायचो आणि त्या लॉगपुढे n हे अक्षर लिहून ठेवायचो. बेरजा-वजाबाक्या संपल्यावर n किती आहेत ते मोजायचे: सम असतील तर उत्तर धन, विषम असतील तर ऋण. तुम्ही ज्याला केवलमूल्याचा लॉग म्हणता तो हाच. फरक एवढाच की आम्ही चिन्हाची नोंद टाकून देत नव्हतो, ती शेजारी चालू ठेवत होतो. तक्तेवाल्यांच्या ओळींत हा n ठेवला असता तर −6 आणि 2 ची ओळ पहिल्याच नजरेत दिसली असती.

विनया_गो

काका, ही पद्धत वर्गात दाखवण्यासारखी आहे. (x−1)(x−5) मध्ये x = 0 ला दोन n येतात, म्हणून गुणाकाराचा लॉग आहे; x = 2 ला एकच n येतो, म्हणून लॉग नाही. अट वेगळी पाठ करावी लागत नाही.

संमिश्र_आय

संमिश्र संख्या वापरल्या तर हा सगळा प्रश्नच मिटत नाही का? तेथे ऋण संख्येलाही लॉग असतो. ln(−2) = ln 2 + iπ. मग रेघाही नकोत आणि अटीही नकोत.

विनया_गो

मिटत नाही, तो फक्त जागा बदलतो. तुमच्याच किमतीने चार पट करून पाहा: 4 ln(−2) = ln 16 + 4πi येते. डाव्या बाजूला (−2)⁴ = 16, आणि तुम्ही ज्या पद्धतीने ln(−2) ची किंमत निवडली त्याच पद्धतीने ln 16 निवडला तर तो शुद्ध वास्तव आहे. दोन्ही बाजूंत 4πi चा फरक राहिला. संमिश्र क्षेत्रात हे नियम 2πi च्या पटींचा फरक सोडून खरे असतात, आणि ती पट प्रत्येक वेळी सांभाळावी लागते. मुक्ताच्या उदाहरणासाठी एवढे ओझे कशाला घ्यायचे?

शिकवणी_मंदार

मी याच्या उलट प्रक्रियेबद्दल लिहितो, कारण माझ्या अनुभवात गुण तेथे जास्त जातात. फोडताना प्रांत आक्रसतो हे वर आले. लॉग एकत्र करताना तो पसरतो. पाया २ धरून ही दोन समीकरणे शेजारी शेजारी पाहा:

log₂ x + log₂(x−6) = 4
log₂(x² − 6x) = 4

पहिल्यात गुणाकाराचा नियम उलटा लावला की दुसरे मिळते. दोन्हींतून x² − 6x = 16, म्हणजे (x−8)(x+2) = 0, आणि x = 8 किंवा x = −2. आठ घातल्यावर पहिल्यात 3 + 1 = 4, ठीक. −2 घातल्यावर पहिल्यात log₂(−2) येतो, म्हणून हे मूळ सोडावे लागते. दुसऱ्यात मात्र 4 + 12 = 16 असल्यामुळे −2 हे खरेखुरे उत्तर आहे.

बरेच विद्यार्थी 'ऋण उत्तर सोडून द्यावे' असे पाठ करतात आणि दुसऱ्या समीकरणातही −2 खोडतात. मूळ सोडण्याचे कारण ते ऋण असणे हे नसून, दिलेल्या समीकरणातील एखादा लॉग त्या ठिकाणी अर्थहीन होणे हे आहे. x चे चिन्ह बदलून log₂(−x) + log₂(−x−6) = 4 असे समीकरण दिले असते, तर उत्तर −8 आले असते आणि 2 हे धन मूळ सोडावे लागले असते. पडताळा नेहमी पहिल्या ओळीत घ्यावा, एकत्र केलेल्या ओळीत नव्हे. तेथे दोन्ही मुळे निमूट बसतात.

मुक्ता_स

म्हणजे दुसरे समीकरण सोडवायला मी ते आधी फोडले असते, तर −2 मला दिसलेच नसते?

शिकवणी_मंदार

बरोबर. एकत्र करताना आलेले जादा मूळ पडताळ्यात पकडता येते. फोडताना हरवलेले मूळ पडताळ्यातही सापडत नाही, कारण पडताळायला ते हातातच नसते. म्हणून समीकरणात मी एकत्र करणे पसंत करतो आणि फोडणे टाळतो.

प्रभाकर_ज

पण मग 'सर्व चले धन आहेत' या ओळीचे काय? ती दिलेली असताना मुक्ताचे उत्तर बरोबर धरायला हवे. परीक्षेत यावर गुण कापले तर तो अन्याय आहे.

विनया_गो

ती ओळ अक्षरांबद्दल बोलते, कंसांबद्दल नाही. x = 1 हा धनच आहे आणि x−3 तेथे −2 आहे. log(x⁴y²) सारख्या राशीत ती ओळ पुरते, कारण तेथे प्रत्येक अवयव म्हणजे एक अक्षर असते. 'लॉगमधील सर्व राशी धन आहेत' असे लिहिले असते तर मुक्ताचे उत्तर निर्दोष ठरले असते.

शिकवणी_मंदार

येथे मी विनयाताईंशी पूर्ण सहमत नाही. ती ओळ छापणाऱ्याचा हेतू विद्यार्थ्याला या भानगडीतून सोडवण्याचाच होता असे मला वाटते, आणि मी मुक्ताला पूर्ण गुण दिले असते, फक्त शेजारी x > 3 लिहिलेले असावे असा आग्रह धरला असता. शिवाय ज्या ठिकाणी ही फोड पुढे विकलनासाठी वापरायची असते तेथे रेघा असल्या-नसल्या तरी अंतिम उत्तर एकच येते, कारण ln|u| चे विकलज u धन असो वा ऋण, u′/u हेच असते.

विनया_गो

विकलनाचे मान्य. गुणांचे नाही. छापणाऱ्याचा हेतू तसा असता तर उत्तरसूचीत रेघा कशाला आल्या असत्या? x > 3 लिहिणारा विद्यार्थी मूळ राशीचा एक मोठा भाग सोडून देतो, आणि प्रश्नात तसे करायला सांगितलेले नाही.

मुक्ता_स

मी यातला धडा म्हणून पुढचे उदाहरण स्वतः तपासून पाहिले. ½ log(x−2) + ½ log(x+2) − 3 log x एकत्र करायचे होते. माझे उत्तर log[ √(x²−4) / x³ ], आणि दिलेल्या राशीवरून x > 2 ही अट. मंदार सरांनी सांगितल्याप्रमाणे एकत्र केल्यावर प्रांत पसरेल म्हणून मी x = −3 घालून पाहिला. वर्गमुळात 5 येते, ते चालते, पण छेदात −27 आल्यामुळे भागाकार ऋण होतो आणि लॉग मिळतच नाही. म्हणजे प्रांत पसरलाच नाही. माझे काही चुकते आहे का?

विनया_गो

काही चुकत नाही. तुझ्या छेदातील x³ विषम घात असल्यामुळे तो x चे चिन्ह झाकू देत नाही, आणि x धन व x² − 4 धन या दोन अटी मिळून पुन्हा x > 2 च देतात. आता 3 log x च्या जागी 2 log x घेऊन तेच कर. उत्तर log[ √(x²−4) / x² ] येईल, x = −3 ला त्याची किंमत log(√5/9) म्हणजे सुमारे −0.605 मिळेल, आणि येथे मात्र x > 2 ही अट शेजारी लिहिली नाहीस तर एकत्र केलेली राशी मूळ राशीपेक्षा जास्त बोलेल.